नुसताच हृदयाचा फोटो

गेल्या आठवड्यात रात्री सव्वानऊला नणंदेच्या मुलीचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला. आठवीत आहे ती. पुस्तकातली हृदयाची आकृती, नावांसकट, बस. "मामी" नाही, "हे समजत नाही" नाही, प्रश्नचिन्हसुद्धा नाही. बावीस वर्षं विज्ञान शिकवल्यावर हात आपोआप माइकच्या बटणाकडे जातो, तसा गेला. सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला. चार कप्पे, झडपा, महाधमनी, सगळं. उत्तरात अंगठा आला. मी समाधानाने झोपले.

दुसऱ्या दिवशी वन्संचा फोन. "अगं, ती म्हणते मामीने सगळं सांगितलं, पण जे विचारलं होतं ते नाही सांगितलं."

विचारलं कुठे होतं? फोटो पुन्हा उघडला, दोन बोटांनी मोठा केला. "फुप्फुस धमनी" या नावाभोवती पेन्सिलीचं फिकट वर्तुळ होतं आणि त्या नळीचा निळा रंग नखाने खरवडल्यासारखा दिसत होता. प्रश्न तिथेच होता, मी तो पाहिलाच नव्हता.

नुसती आकृती पाठवणारी मुलं आळशी असतात असं पूर्वी मी म्हणायचे. आता नाही म्हणत. ज्याला काय कळलं नाही तेच कळत नाही, तो प्रश्न लिहिणार कसा? आणि आपण तरी काय करतो? समजावून सांगत सुटतो, कारण ते आपल्याला सोपं जातं. माझं आताचं मत असं की हृदयाच्या आकृतीपुरतं तरी समजावणं सगळ्यात शेवटी यावं. आधी फोटो नीट बघायचा, मग एकच निरोप पाठवायचा: "जिथे अडलंय तिथे बोट ठेवून परत फोटो काढ." वाक्य जमलं नाही तरी बोट ठेवणं कुणालाही जमतं.

तिची अडचण बघा. वर्गात लिहून दिलेलं, धमनी शुद्ध रक्त नेते आणि शिरा अशुद्ध. घरी आईने स्वतःच्या शाळेतली आठवण काढून त्यात भर घातली, रोहिणी लाल आणि नीला निळी. आमच्या वेळची ही नावं होतीच मुळी रंगावरून. आणि पुस्तकात मात्र फुप्फुस धमनी निळी रंगवलेली, फुप्फुस शिरा लाल. पोरीला वाटलं छपाईची चूक आहे. म्हणून नख लावून बघत होती.

इथे चूक व्याख्येची आहे. धमनी म्हणजे हृदयापासून दूर जाणारी वाहिनी आणि शिरा म्हणजे हृदयाकडे येणारी. आत कुठलं रक्त आहे याचा नावाशी संबंध नाही. बहुतेक धमन्यांत ऑक्सिजनयुक्त रक्त असतं, म्हणून तो समज खपून जातो. फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत तसं नसणारच, ऑक्सिजन घ्यायलाच तर ते रक्त तिकडे निघालंय. मी वर्गात एवढंच सांगते की शिरा हृदयात शिरते. ही व्युत्पत्ती वगैरे नाही, लक्षात ठेवायची युक्ती आहे, पण एकदा ऐकलेलं मूल पुन्हा चुकत नाही. (एकाने उत्तरपत्रिकेत "शिरते ती शिरा, उरलेली धमनी" असंच लिहिलं होतं. मी पूर्ण गुण दिले.) आणि हो, रक्त निळं कधीच नसतं. ऑक्सिजन कमी झालेलं रक्त गडद लाल दिसतं. पुस्तकातला निळा रंग ही नकाशावर नदी निळी दाखवतात तशी खूण आहे.

म्हणजे या मुलीला लागत होतं दोन वाक्यांचं स्पष्टीकरण. सात मिनिटांचं नव्हे.

पण हीच आकृती दुसऱ्या मुलाकडून आली तर गरज वेगळी असते. वाट हरवलेली मुलं सगळ्यात जास्त. त्यांना नावं पाठ असतात, पण महाशिरेतून आलेलं रक्त महाधमनीपर्यंत पोचतं कसं, हे विचारलं की बोट आकृतीवर भरकटतं. यात त्यांचा दोष कमी आणि चित्राचा जास्त. खऱ्या हृदयात नळ्या एकमेकींना ओलांडून जातात. फुप्फुस धमनी उजव्या निलयातून, म्हणजे उजवीकडच्या खालच्या कप्प्यातून, निघते आणि डावीकडे कलते. महाधमनी डाव्या निलयातून तिच्या मागून वर येते आणि कमान करून खाली वळते. त्या कमानीखालून फुप्फुस धमनीची एक शाखा पुन्हा उजव्या फुप्फुसाकडे जाते. चित्रकाराने हे बरोबर काढलेलं असतं, आणि बरोबर काढलेलं असतं म्हणूनच मुलाला वाट सापडत नाही. त्यात उजवी बाजू कागदाच्या डाव्या हाताला. त्यावर उपाय साधा आहे. पुस्तक उघडं छातीशी धरायचं, चित्र समोरच्याकडे. "उजवे अलिंद" हे नाव आपोआप आपल्या उजव्या अंगाला येतं.

अशा मुलाला कितीही समजावलं तरी त्याच गुंत्यावर बोट फिरणार. त्याला दुसरं चित्र काढून द्यायला हवं. मी कागदाच्या मध्यभागी एक चौकोन काढते, त्याचे चार भाग करते. वरचे दोन अलिंद, खालचे दोन निलय. हृदयाचा आकार मुद्दाम नाही. चौकोनाच्या वर एक गोल, त्यात "फुप्फुसे". खाली एक गोल, त्यात "शरीर". मग पेन न उचलता रेघ ओढते: शरीराकडून उजवे अलिंद, उजवे निलय, वर फुप्फुसे, तिथून डावे अलिंद, डावे निलय, खाली शरीर. इंग्रजी आठसारखे दोन वेढे होतात आणि हृदय त्यांच्या मधोमध येतं. एका फेरीत रक्त हृदयातून दोनदा जातं, हे वाक्य पाठ असलेल्या मुलांना ते तेव्हा पहिल्यांदा दिसतं. चित्र मुलाकडूनच काढून घ्यावं. आपण काढून पाठवलं तर त्याला आणखी एक आकृती पाठ करायची मिळते.

या सोप्या चित्राने एक घोटाळा होतो, आणि तो मी स्वतः कित्येक वर्षं करत होते. बाणांना मी एक ते आठ आकडे द्यायचे. मुलांना वाटायचं की आधी उजवी बाजू आकुंचन पावते, रक्त फुप्फुसातून फिरून येतं, मग डाव्या बाजूची पाळी. कळलं कसं? एका मुलीला विचारलं, "उजवं निलय दाबलं जातं तेव्हा डावं काय करतं?" ती म्हणाली, "वाट बघतं." नाही, दोन्ही निलयं एकाच वेळी आकुंचन पावतात. आकडे ही एका थेंबाच्या प्रवासाची क्रमवारी आहे, ठोक्याची नव्हे. तेव्हापासून मी आकडे देत नाही, बाण देते आणि हा प्रश्न हमखास विचारते.

दुसरा हमखास प्रश्न भिंतीचा. आकृतीत डाव्या निलयाची भिंत उजव्यापेक्षा चांगलीच जाड दाखवलेली असते. का? दहातली सात-आठ मुलं सांगतात, डावी बाजू जास्त रक्त ढकलते म्हणून. ऐकायला पटतं, पण ते चूक आहे. विश्रांतीच्या वेळी एका ठोक्याला प्रत्येक निलय साधारण 70 मिलिलिटर रक्त बाहेर टाकतं. मिनिटाला 72 ठोके धरले तर पाच लिटर होतात, उजवीकडून तेवढेच आणि डावीकडूनही तेवढेच. समजा उजव्या बाजूने दर ठोक्याला चहाचा एक चमचा, म्हणजे 5 मिलिलिटर, जास्त ढकललं, तर एका मिनिटात 360 मिलिलिटर रक्त फुप्फुसात तुंबेल. हा हिशेब मी मुलांनाच करायला लावते. गुणाकार झाला की वर्ग गप्प होतो. फरक दाबाचा आहे. फुप्फुसं शेजारीच आहेत, तिकडे जाणाऱ्या धमनीतला वरचा दाब साधारण 25 मिलिमीटर पारा. महाधमनीत तोच 120 च्या आसपास, कारण तिथून रक्त डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवायचंय. भिंत त्यासाठी जाड.

प्रश्न द्यायचे ते असे. "आकृतीतील भाग ओळखा" याने मुलाला नाव वाचता येतं एवढंच कळतं. नाव तर आकृतीत छापलेलंच आहे! नावं विचारायचीच असतील, म्हणजे उद्या चाचणी आहे आणि पोर रात्री दहाला कोरं पान पाठवतंय, तर त्याच फोटोवर नावांवरून पांढरा रंग फिरवून तो परत पाठवावा. फोनमध्ये तेवढी सोय असते. अशा वेळी सोपं चित्र मात्र पाठवू नये. एका मुलाने परीक्षेत माझाच चौकोन काढला, खाली नावं अचूक. तपासणाऱ्यांनी आकृतीचा एकही गुण दिला नाही, आणि त्यांचं काय चुकलं? विचारलं होतं हृदय, त्याने काढला रस्त्याचा नकाशा.

आणखी एक, फोटोबद्दलच. वेलांटी-मात्रेपेक्षा रेघेचं टोक बघत जा. मुलं तिरका फोटो काढतात, घडीत अर्धी आकृती जाते आणि "द्विदली झडप" या नावाची रेघ अलिंदातच संपल्यासारखी दिसते. काहींचं गोंधळणं निव्वळ तेवढ्याने असतं. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवरून काढलेला फोटो असेल तर लाल-निळा भेदच उरत नाही. मग "ही धमनी की शिरा" याला उत्तर एकच, बाण बघ. बाणही पुसट असेल तर कुठल्या कप्प्याला जोडलीय ते बघ. निलयाला जोडलेली असेल तर धमनी, अलिंदाला असेल तर शिरा.

काल रात्री पुन्हा फोटो आला. या वेळी वृक्काणूचा, म्हणजे मूत्रपिंडातल्या त्या वेटोळ्या नळीचा. त्यावर एक बोट, नखाला शाई लागलेलं, बरोबर त्या नळीच्या पेल्यासारख्या टोकाच्या तोंडाशी ठेवलेलं. आत येणारी आणि बाहेर जाणारी, दोन्ही वाहिन्यांना "धमनिका", म्हणजे बारीक धमनी, असं लिहिलंय. खाली तीन शब्द: "मामी, इथे शिरत्येय."

बरोबर आहे तिचं. माझी युक्ती तिथे तोकडी पडते. शिरा शिरते ती हृदयात, मूत्रपिंडात नव्हे, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. आणि बाहेर पडणारी वाहिनीसुद्धा धमनिकाच का, कारण ती पुढे जाऊन पुन्हा केशवाहिन्यांतच फुटते, हे आज संध्याकाळी तिला वहीवर काढायला लावायचंय. कुणाकडे वृक्काणूचं बरं चित्र असेल तर पाठवा.