टबाखालच्या दोन रेघा

शेजारच्या काकूंचा स्वेटर आज मशीनमधून नातीच्या मापाचा होऊन बाहेर आला. लेकीनं जर्मनीहून आणलेला, शुद्ध लोकरीचा. आणि आमच्या सहकारनगरच्या सोसायटी ग्रुपवर लगेच निकाल: "माल हलका." अहो, माल उत्तम होता! लेबल अर्धंच वाचलं गेलं.

काकू म्हणतात, "लेबलवरच्या टबाच्या चित्रात ३० लिहिलं होतं, ३० वरच लावलं." अगदी खरं. पण त्या टबाखाली दोन आडव्या रेघा आहेत. आकडा सांगतो पाणी जास्तीत जास्त किती गरम हवं, आणि रेघा सांगतात कपडा किती घुसळायचा. रेघ नसेल तर नेहमीचं धुणं, एक असेल तर हलकं, दोन असतील तर अगदी हळुवार. म्हणजे वूलचा प्रोग्राम, ड्रम तिसरा हिस्साच भरलेला आणि पिळणं कमीत कमी. स्वेटर गेला कॉटनच्या प्रोग्रामवर, चादरींबरोबर.

लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ओल्या, साबण लागलेल्या लोकरीला घुसळलं की ते एकमेकांत अडकतात आणि मागे सरकत नाहीत. काश्मिरी नमदा, म्हणजे न विणता लोकर दाबून केलेला गालिचा, याच गुणावर बनतो. म्हणून ३० अंशांतही स्वेटर आटला. विणीचे टाके दिसेनासे होऊन कापड जाड, घट्ट झालं असेल तर तो परत मोठा होत नाही. कुणीही "कंडिशनरमध्ये भिजवा" सांगू नका, काकूंना उगाच आशा लागते.

अक्षर फार बारीक असतं, हे मान्य. पण फोन आहे ना? लेबल दोन बोटांत ताणा, फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड बाजूनं घ्या, फोटो काढून मोठा करा. सात-आठ भाषा बघून घाबरायचं कारण नाही. Wolle, laine, lana, सगळ्यांचा अर्थ लोकरच. धुण्याची खूण एकच, ती वाचायला भाषा लागत नाही. आणि टोचतं म्हणून लेबल कापणाऱ्यांनो, कापण्याआधी तरी फोटो काढा!

काकू, तुमच्यावर राग नाही हो. दुकानात कुणी हे सांगत नाही. दुसरा, निळा स्वेटर अजून शाबूत आहे. त्याच्या टबात हात काढलाय, म्हणजे मशीन नकोच. कोमट पाण्यात लोकरीचं लिक्विड घाला. साध्या पावडरीतली एन्झाइम्स लोकर खातात. चोळू नका, नुसता दाबा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढा. पुढच्या चौकोनात आडवी रेघ आहे, म्हणजे दोरीवर टांगायचा नाही, ओल्या वजनानं लोंबेल. गच्चीत सावलीला, कोरड्या चादरीवर पसरून ठेवा.