‘सपाट दिसतंय ना, मग तेच व्हीमॅक्स’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : “मॅडम, लेख वाचला. उगाच लांबण लावलंय. वक्र जिथे सपाट होतो ते व्हीमॅक्स, त्याचं निम्मं करा, आडवी रेघ मारा, खाली उतरा, केएम मिळालं. दोन मिनिटांचं काम. कॉलेज रोडवरच्या आमच्या क्लासमध्ये असंच शिकवतो आणि पोरांना पूर्ण मार्क पडतात. आणि आजकाल ग्राफ पेपर वापरतं कोण? सोपं अवघड करून सांगायची काही लोकांना हौसच असते.”

सर, एन्झाइमच्या वेगाचा आलेख ग्राफ पेपरवर काढून त्यावरून व्हीमॅक्स म्हणजे कमाल वेग आणि केएम म्हणजे ज्या सबस्ट्रेटला वेग त्याच्या निम्मा होतो तो आकडा कसा काढायचा, यावरचा माझा लेख लांब आहे हे मान्य. मोबाइलवर वाचणाऱ्याला तो जास्तच लांब वाटला असेल. पण शेवटच्या वाक्याची गरज नव्हती. मुद्दा पटला नाही तर नाही म्हणा, हौस काढायचं कारण नाही. नाशिकमध्ये बीएस्सीच्या प्रॅक्टिकलची जर्नलं तपासण्यात माझी वर्षं गेली आहेत. केएम चुकलेला आलेख माझ्यासमोर येतो तेव्हा बहुतेक वेळा तो नेमका तुम्ही सांगितलेल्या दोन मिनिटांच्या रीतीनेच काढलेला असतो. म्हणून बाकीचं बाजूला ठेवून तुमच्या त्या एकाच वाक्यावर बोलते.

“वक्र जिथे सपाट होतो.” कुठे होतो, सर?

पुस्तकातल्या आकृतीत होतो, कारण चित्रकाराने वर तुटक रेघ आधी मारलेली असते आणि वक्र नंतर तिला टेकवलेला असतो. ट्यूबमधून आलेल्या आकड्यांना ती तुटक रेघ नसते. मायकेलिस आणि मेंटेन यांनी १९१३ मध्ये साखर फोडणाऱ्या इनव्हर्टेज या एन्झाइमवर काम करून मांडलेलं समीकरण असं आहे :

```
v = Vmax × S / (Km + S)
```

v म्हणजे वेग आणि S म्हणजे सबस्ट्रेटचं, एन्झाइम ज्यावर काम करतं त्या पदार्थाचं, द्रावणातलं प्रमाण. यात S कितीही वाढवा, v कधीच व्हीमॅक्सएवढा होत नाही. S केएमच्या चौपट असेल तर वेग ८० टक्के, नऊपट असेल तर ९० टक्के, एकोणीसपट असेल तर ९५ टक्के. ९९ टक्के हवे असतील तर सबस्ट्रेट केएमच्या नव्व्याण्णव पट लागतो. वर जाताना वक्र इतका हळू चढतो की डोळ्याला तो थांबल्यासारखा दिसतो, आणि नेमका तिथेच विद्यार्थी पट्टी ठेवतो.

आता हेच आकड्यांत बघू. बेकरीच्या यीस्टमधून काढलेलं इनव्हर्टेज आणि साखरेचं म्हणजे सुक्रोजचं द्रावण, आपल्याकडे नेहमी होणारं प्रॅक्टिकल. हिशोब स्वच्छ राहावा म्हणून धरून चालू की खरं केएम २० मिलीमोलर आणि खरं व्हीमॅक्स मिनिटाला १२० नॅनोमोल आहे. ५, १०, २०, ४० आणि ८० मिलीमोलरच्या पाच ट्यूब लावल्या, तर एकही चूक न करता वेग येतील २४, ४०, ६०, ८० आणि ९६.

तुमच्या रीतीने चला. सगळ्यात वरचा बिंदू ९६. विद्यार्थी त्याच्या पुढे वक्र हाताने आडवा वळवतो आणि लिहितो, व्हीमॅक्स ९६. निम्मे ४८. ४८ वरून आडवी रेघ, वक्राला लागली की खाली, उत्तर १३.३ मिलीमोलर. खरं उत्तर २०. व्हीमॅक्स वीस टक्क्यांनी कमी आलं आणि केएम तेहतीस टक्क्यांनी. केएमची चूक मोठी का? कारण वक्र वाकलेला असतो, त्यामुळे निम्म्याची रेघ जेवढे टक्के खाली येते त्याहून जास्त टक्के वक्र तिला डावीकडे भेटतो. ही चूक नेहमी एकाच दिशेने जाते, केएम कमीच येतं. दहा मुलांच्या उत्तरांची सरासरी काढली तरी ती निघून जात नाही.

“मग सबस्ट्रेट वाढवा” हे उत्तर तुमच्या मनात आलंच असेल. वाढवून बघा. १६० ला वेग १०६.७ येतो. म्हणजे साखर दुप्पट केली आणि वेग जेमतेम अकरा टक्के चढला, ट्यूबमधला नेहमीचा चढउतार धरला तर ते सपाटच दिसेल. तिथून वाचलेलं केएम येतं १६. ३२० पर्यंत गेलात तरी येतं १७.८. आणि ९९ टक्के गाठायचे तर १९८० मिलीमोलर, म्हणजे लिटरला सुमारे ६७७ ग्रॅम साखर. तो पाक झाला, सर. पिपेटमध्ये नीट चढणार नाही, पाण्याचं प्रमाण घटेल, शिवाय सुक्रोज फार झालं की यीस्टचं इनव्हर्टेज स्वतःच मंदावतं. वेग वर जाण्याऐवजी खाली यायला लागतो. अशा आलेखावर सर्वांत उंच बिंदूला व्हीमॅक्स म्हटलं तर ते दोन्हीकडून चुकतं. उजवीकडचे बिंदू खाली उतरताना दिसले तर ते ‘रीडिंग चुकलं’ म्हणून खोडू नका. वही तशीच ठेवा, फक्त हे साधं समीकरण त्या बिंदूंना लावू नका.

आता ग्राफ पेपरवरच, कुठलीही जास्तीची ट्यूब न लावता हे कसं सुधारायचं ते सांगते. मूळ लेखात हे होतं, पण तुम्ही तिथवर पोचला नसाल.

आलेल्या उत्तरालाच उलट प्रश्न विचारायचा. केएम १३.३ असेल तर ८० मिलीमोलरला वेग व्हीमॅक्सच्या किती टक्के असायला हवा? ८० भागिले (८० अधिक १३.३), म्हणजे ८५.७ टक्के. विद्यार्थ्याने तर ८० चा वेग शंभर टक्के धरलाय. त्याचं उत्तर त्याच्याच उत्तराशी भांडतंय. मग ९६ ला ०.८५७ ने भागा, नवं व्हीमॅक्स ११२. निम्मे ५६, त्याच वक्रावरून खाली उतरा, १७.५. पुन्हा विचारा : ८० भागिले ९७.५, म्हणजे ८२ टक्के. ९६ ला ०.८२ ने भागा, ११७. निम्मे ५८.५, खाली उतरल्यावर १९. अजून एकदा केलं की ११९ च्या आसपास. आकडे १२० आणि २० कडे सरकत जातात आणि फरक पेन्सिलच्या रेघेएवढा उरला की थांबायचं. वक्र मात्र बिंदूंमधून गुळगुळीत काढलेला हवा. बिंदूला बिंदू सरळ पट्टीने जोडला तर १० आणि २० च्या मधली रेघ खऱ्या वक्राच्या खाली जाते आणि तिथून वाचलेलं केएम जास्त येतं.

या रीतीची एक मर्यादा आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. सगळा भार सर्वांत वरच्या ट्यूबवर आणि वक्राच्या मधल्या भागावर पडतो. ८० ची ट्यूब बिघडली तर उत्तर तिच्यामागे जाणार. म्हणून ज्यांना आणखी पाच मिनिटं आहेत त्यांनी आयझेंथल आणि कॉर्निश-बोडेन यांची १९७४ ची थेट रेषांची रीत वापरावी. त्यात भागाकारही नाही. आडव्या अक्षावर डावीकडे, म्हणजे ऋण बाजूला, सबस्ट्रेटचा आकडा मांडा. उभ्या अक्षावर त्याच ट्यूबचा वेग मांडा. दोन्ही जोडून रेघ उजवीकडे वाढवा. पहिल्या ट्यूबसाठी उणे ५ आणि २४, शेवटच्यासाठी उणे ८० आणि ९६. पाच ट्यूब, पाच रेघा. वरचे आकडे निर्दोष असल्यामुळे त्या सगळ्या एकाच ठिकाणी छेदतात : आडवे २०, उभे १२०. छेदबिंदूचा आडवा आकडा केएम, उभा आकडा व्हीमॅक्स.

खऱ्या प्रॅक्टिकलमध्ये रेघा एका ठिकाणी भेटत नाहीत, पाच रेघांचे दहा छेदबिंदू विखुरतात. मग केएमचे दहा आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लिहायचे आणि पाचव्या-सहाव्याची सरासरी घ्यायची, व्हीमॅक्सचंही तसंच. सरासरी दहांची काढायची नाही, मधला आकडा घ्यायचा, हे महत्त्वाचं. समजा २० मिलीमोलरच्या ट्यूबमध्ये एन्झाइम थोडं जास्त पडलं आणि ६० ऐवजी ६६ आले. त्या एका रेघेमुळे चार छेदबिंदू हलतील, पण उरलेले सहा जागेवरच राहतील आणि मधला आकडा २० च राहील. शिवाय कुठली ट्यूब बिघडली हेही दिसतं : जी रेघ बाकीच्यांच्या झुबक्यापासून लांबून जाते ती.

उलट्या आकड्यांचा आलेख, १/v आणि १/S चा, का टाळते हेही यातच आलं. ५ मिलीमोलरच्या ट्यूबमध्ये सुक्रोज तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सगळ्यात कमी सुटतात. सुटलेल्या साखरेबरोबर रंग देणारं डीएनएसए घालून उकळल्यावर रंग फिका येतो आणि ५४० नॅनोमीटरला वाचन इतकं लहान असतं की थोड्याशा चुकीनेही टक्केवारी बिघडते. उलटा आकडा काढला की नेमका तोच बिंदू उजव्या टोकाला जाऊन बसतो आणि पट्टी आपल्याकडे ओढतो.

आणि त्या पहिल्या ट्यूबची वेळ सांभाळा. मिश्रण १ मिलिलिटर असेल तर ५ मिलीमोलरमध्ये ५००० नॅनोमोल सुक्रोज असतं. मिनिटाला २४ प्रमाणे दहा मिनिटांत २४० संपतं, पाच टक्क्यांच्या आत, चालेल. अर्धा तास ठेवलीत तर चौदा टक्क्यांच्या आसपास संपेल आणि वेग खरा सुरुवातीचा राहणार नाही. मोठ्या सबस्ट्रेटच्या ट्यूबना तेवढा फटका बसत नाही, त्यामुळे वक्राची फक्त डावी बाजू खाली दबते आणि केएम फुगतं. एका सुक्रोजमधून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन रेणू सुटतात आणि डीएनएसए दोन्ही मोजतं, तेव्हा वेग सुक्रोजचा लिहायचा असेल तर दोनाने भागायला विसरू नका. ते विसरलं तर व्हीमॅक्स दुप्पट येतं, केएम मात्र तेच राहतं, म्हणून ही चूक पकडली जात नाही.

पूर्ण मार्कांचं म्हणाल तर परीक्षकाच्या उत्तरपत्रिकेतही तीच तुटक रेघ असेल तर मार्क मिळणारच, त्यावर माझं काही म्हणणं नाही. ग्राफ पेपर कोण वापरतं? ज्यांना एक्सेलच्या ट्रेंडलाइनमध्ये हा वक्र सापडत नाही म्हणून लॉगरिदमिक लावावी लागते, आणि ती रेघ कुठल्याच कमाल वेगाकडे जात नाही, ते.

तुमच्या बॅचचे एखाद्या प्रॅक्टिकलचे आकडे असतील तर सबस्ट्रेट, वेग आणि मिनिटं एवढं इथेच लिहा. पाच रेघा मी काढून दाखवते, तुम्ही तुमच्या रीतीने काढलेलं केएम शेजारी लिहा.