साखर, मीठ आणि ‘पाण्याची संहती’: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया:
“लेख वाचला. साध्या गोष्टीचा अकारण गुंता केला आहे. परासरण म्हणजे पाण्याचे विसरण. पाण्याची संहती जिथे जास्त, तिथून ते कमी असलेल्या बाजूला जाते, बाकी काही नाही. सगळी मुले हेच शिकतात आणि कुणाचे काही अडत नाही. लेखात एकही आकृती नाही, मनुकांचा प्रयोग शिळा झाला आहे, आणि शाळेला नावे ठेवण्याआधी लेखकाने स्वतः एकदा वर्गावर उभे राहून पाहावे.”

स. न. वि. वि.

आपल्या शेवटच्या वाक्याला आधी उत्तर देतो, कारण साऱ्या प्रतिक्रियेला जो चढा सूर लागला आहे त्याचा उगम तिथेच दिसतो. माझी संपूर्ण नोकरी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. प्रयोगशाळा म्हणून एक कपाट आणि खिडकीजवळचे एक टेबल एवढेच असलेल्या वर्गातही मी हे प्रकरण शिकवले आहे. तेव्हा वर्गावर उभे राहण्याचा सल्ला आपण दुसऱ्या कुणाला द्यावा. शाळेला मी नावे ठेवली असेही आपण लिहिता. शाळेत शिकवतात त्या परासरणाच्या व्याख्येबद्दल मी ‘अपुरी व्याख्या’ असे लिहिले होते. अपुरे आणि वाईट यांतला फरक आपल्या लक्षात आला नसेल, तर लेख पुन्हा वाचण्याची विनंती करतो. मतभेद मला नवे नाहीत. समोरच्याला काही कळत नाही असे आधीच ठरवून मांडलेल्या मतभेदाचा मात्र त्रास होतो.

आकृती हवी होती, हे मान्य. ती पुढच्या आठवड्यात जोडीन. मनुका शिळा असला तरी पाण्यात फुगतोच, त्यामुळे त्या आक्षेपावर वेळ घालवत नाही. राहिले आपले मधले वाक्य, त्यातही ‘बाकी काही नाही’ हे तीन शब्द. आपण ते फार सहज लिहिले आहेत, पण सगळा वाद त्यांच्यातच आहे.

कणांच्या स्वैर हालचालीमुळे एखादा पदार्थ त्याच्या स्वतःच्या जास्त संहतीकडून कमी संहतीकडे पसरतो, ते विसरण. त्याला पटल, म्हणजे मधला पातळ पडदा, लागत नाही. साखर साखरेच्या उतारावरून जाते, ऑक्सिजन ऑक्सिजनच्या, आणि कुणी कुणासाठी थांबत नाही. आता आपले म्हणणे असे, की पाणीही पटलातून याच रीतीने, पाण्याच्या संहतीच्या उतारावरून जाते. हे म्हणणे खरे की खोटे ते मोजून ठरवता येते, आणि मोजण्यासाठी साखर आणि मीठ पुरेसे आहे.

20 अंश सेल्सिअसला एक लीटर शुद्ध पाण्याचे वजन सुमारे 998 ग्रॅम भरते. आता दोन द्रावणे अशी करा, की दोन्हींची संहती लीटरला 0.3 मोल येईल. पहिल्यात सुमारे 103 ग्रॅम साखर घेऊन पाणी घालत एकूण आकारमान एक लीटर करायचे, दुसऱ्यात सुमारे 17.5 ग्रॅम मीठ घेऊन तसेच करायचे. साखरेचे रेणू मोठे असल्याने ते बरीच जागा अडवतात आणि त्या लीटरभर द्रावणात पाणी सुमारे 935 ग्रॅमच उरते. मीठ फारशी जागा अडवत नाही, म्हणून तिथे पाणी सुमारे 993 ग्रॅम असते. म्हणजे शुद्ध पाण्याच्या तुलनेत साखरेच्या द्रावणात पाण्याची तूट सुमारे 63 ग्रॅमची आहे आणि मिठाच्या द्रावणात जेमतेम 5 ग्रॅमची.

आपल्या व्याख्येप्रमाणे साखरेच्या द्रावणाने मिठाच्या द्रावणापेक्षा दहा-बारा पट जोराने पाणी ओढायला हवे. प्रत्यक्षात उलट घडते. पटलातून द्रावणात येणारे पाणी रोखायला द्रावणावर जो दाब द्यावा लागतो, तो परासरण दाब. साखरेच्या या द्रावणाचा परासरण दाब सुमारे 8 वातावरणे असतो, तर मिठाच्या द्रावणाचा सुमारे 13. पाण्याची तूट जिथे अगदी नगण्य आहे, तेच द्रावण जास्त जोराने पाणी ओढते. कारण साधे आहे. मीठ पाण्यात विरघळले की सोडिअम आणि क्लोराइड असे दोन आयन सुटे होतात, आणि परासरणाचा हिशेब विरघळलेल्या कणांच्या संख्येवर चालतो. त्या कणांनी किती पाण्याची जागा घेतली, याला त्या हिशेबात स्थान नाही.

हे कागदी गणित वाटत असेल तर बटाटा आणा. एका बटाट्याच्या सारख्या जाडीच्या पट्ट्या कापून, टिपकागदाने पुसून, त्यांचे वजन करा. काही पट्ट्या 100 मिलीलीटर द्रावणात 10 ग्रॅम साखर या प्रमाणात बुडवा, काही 100 मिलीलीटरला 1.75 ग्रॅम मीठ या प्रमाणात, आणि तासाभराने पुन्हा पुसून तोला. बटाट्याच्या पेशीरसाची ताकद साधारण साखरेच्या या द्रावणाच्या आसपास असते (जातीप्रमाणे आणि साठवणीप्रमाणे थोडे इकडेतिकडे होते), त्यामुळे साखरेतील पट्टीचे वजन फारसे बदलत नाही. मिठातील पट्टी मात्र हलकी होते आणि बोटांवर वाकते, कारण तिच्या पेशींचा रससंकोच झालेला असतो, म्हणजे पाणी बाहेर गेल्याने पेशीरस आकसलेला असतो. पट्ट्या रात्रभर ठेवू नका. मिठाने पेशींची पटले बिघडली की आयन आत शिरू लागतात आणि मग वजनावरून काहीच ठरवता येत नाही. वर्गात हा प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा याच कारणाने, किंवा पट्टी नीट न पुसता तोलल्यामुळे.

दाबाचा मुद्दाही आपण पूर्ण सोडून दिला आहे, आणि खरे तर परासरणाचा अभ्यास दाबापासूनच मार्गी लागला. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर याने 1877 मध्ये सच्छिद्र मातीच्या भांड्याच्या भिंतीत कॉपर फेरोसायनाइडचे पटल तयार केले. त्यातून पाणी जाते, साखर जात नाही. आत साखरेचे द्रावण, बाहेर पाणी आणि भांड्याला जोडलेला पाऱ्याचा दाबमापक, अशी त्याची मांडणी होती. 1 टक्का साखरेला पारा सुमारे 53 सेंटीमीटर चढला आणि 2 टक्क्यांना जवळपास दुप्पट. पुढे 1887 मध्ये व्हांट हॉफ याने याच आकड्यांवरून दाखवले, की विरळ द्रावणाचा परासरण दाब वायूच्या नियमासारख्याच नियमाने, म्हणजे कणांची संख्या आणि तापमान यांच्यावरून काढता येतो. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक 1901 मध्ये त्याला मिळाले, त्यात या कामाचा वाटा होता.

आता आपल्या व्याख्येला हा दाब लावून पाहा. साखरेच्या वरच्या द्रावणावर 8 वातावरणांचा दाब दिला की पाण्याचा निव्वळ प्रवाह थांबतो. त्या दाबाने पाणी कितीसे दबते? शंभर ग्रॅमच्या जागेत फार तर चार शतांश ग्रॅम पाणी जास्त मावते. म्हणजे प्रवाह थांबलेला असतानाही साखरेच्या बाजूला पाण्याची संहती सहा टक्क्यांहून अधिक कमीच असते. संहतीच्या फरकामुळेच पाणी जात असते, तर ते तिथे थांबले नसते. दाब आणखी वाढवा, तर पाणी उलट्या दिशेने, कमी पाण्याच्या बाजूकडून जास्त पाण्याच्या बाजूकडे जाऊ लागते. घरातले आरओ यंत्र याच तत्त्वावर चालते. ‘बाकी काही नाही’ या शब्दांत ते यंत्र बसवून दाखवाल, तर मी आपला ऋणी राहीन.

मग पाणी पटल ओलांडते तरी कसे? इथे मी आपल्याला एक गोष्ट देऊ करतो, ती आपण मागितली नसली तरी. पटल निव्वळ स्निग्ध पदार्थाचे असेल, त्यात छिद्रे नसतील, तर पाण्याचा रेणू त्या स्निग्ध थरात विरघळतो, सुटासुटा विसरण पावत पलीकडे जातो आणि तिथे बाहेर पडतो. अशा पटलापुरते पाणी विसरणाने ओलांडते, हे म्हणणे बरोबर आहे. फक्त तिथेही ते किती आणि कुठे जाईल हे दोन्ही बाजूंच्या जलविभवातील फरकावर ठरते, म्हणजे विरघळलेल्या कणांची संख्या आणि दाब या दोहोंवर.

जिवंत पेशीचे पटल मात्र तसे निर्भेळ नसते. त्यात पाण्यासाठी खास प्रथिनांच्या वाहिन्या असतात. अशी पहिली वाहिनी पीटर ॲग्रे यांनी 1992 मध्ये मानवी रक्तपेशींच्या पटलातील प्रथिनात ओळखली आणि 2003 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्याच्या कितीतरी आधी, 1950 च्या दशकात, रक्तपेशींवर एक चतुर तुलना झालेली होती. दोन्ही बाजूंचा परासरण दाब समान ठेवून केवळ खूण केलेले पाणी किती वेगाने अदलाबदल होते हे मोजले, म्हणजे निव्वळ विसरण मोजले. मग परासरण दाबाच्या फरकाने किती पाणी जाते हे मोजले. दोन्ही एकच असती तर पटलाची पार्यता, म्हणजे पाणी पार होऊ देण्याची क्षमता, दोन्ही मोजणीत सारखी यायला हवी होती. ती परासरणात काही पटींनी जास्त आली. अरुंद छिद्रात पाण्याचे रेणू एकमेकांना ढकलत, एकत्र सरकतात, एकेकटे भटकत नाहीत, हे त्या फरकाचे कारण. साखरेचा कण छिद्रात शिरू शकत नाही, पटल त्याला मागे रेटते, आणि त्यामुळे छिद्राच्या त्या तोंडाशी पाण्यावरचा दाब उतरतो. मग दाबाखाली नळीतून वाहावे तसे पाणी त्या बाजूला वाहते.

कुणाचे काही अडत नाही, या म्हणण्याचा मला खरोखर राग आला, तो लपवत नाही. एका शाळेतील परीक्षकाने माझ्या विद्यार्थिनीचे गुण कापले होते, कारण तिने मिठाच्या पाण्यात पट्टी जास्त आकसेल असे लिहिले आणि कारण म्हणून कणांची संख्या दिली. आदर्श उत्तरपत्रिकेत ‘पाण्याची संहती’ होती. तिचे नक्कीच अडले होते. अशा उत्तरपत्रिका आपल्यासारख्यांच्या ठाम वाक्यांतूनच तयार होतात.

आठवीच्या मुलाला छिद्रे आणि दाब सांगावेत असा माझा आग्रह नाही, लेखातही नव्हता. त्याने एवढे लिहिले तरी मी पूर्ण गुण देईन: विसरणात प्रत्येक पदार्थ स्वतःच्या जास्त संहतीकडून कमी संहतीकडे पसरतो आणि त्यासाठी पटल असावेच लागत नाही, परासरणात निवडक्षम पारपटलातून, विरघळलेले कण कमी असलेल्या बाजूकडून ते जास्त असलेल्या बाजूकडे पाणी जाते आणि पुरेसा दाब दिला की ते थांबते. ही दोन वाक्ये आपल्या एका वाक्याहून जड वाटत असतील, तर वरच्या बटाट्याचा निकाल आपल्या वाक्याने समजावून पाहा आणि इथेच लिहून कळवा. पट्ट्या किती जाडीच्या घेतल्या आणि किती वेळ ठेवल्या, तेही सोबत लिहावे.