पॅनिक अटॅकच्या रात्री लिहिलेल्या पानाच्या शेवटच्या चार ओळी

ऑफिसात पहिल्यांदा पॅनिक अटॅक आलेल्या मुलीला सगळे सांगतात, "रात्री डायरीत मन मोकळं कर." डायरी लिहावीच, पण त्या रात्रीपुरता मला हा सल्ला अर्धवट वाटतो. त्या पानाचा खरा उपयोग नोंद म्हणून आहे, आणि ती त्याच रात्री व्हायला हवी. दोन दिवसांत आठवण बदलते, भीती तेवढी उरते.

समजा, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी २४ वर्षांची मुलगी लिहिते: "आज मीटिंगमध्ये मरता मरता वाचले. अर्धा तास श्वासच येत नव्हता. सगळे बघत होते." यातली भीती शंभर टक्के खरी. तपशील मात्र एकेक करून तपासायचे.

आधी वेळ. फोन उघडून बघायचं. कॉल ११:४० ला सुरू झाला, ११:४३ ला ती उठून वॉशरूममध्ये गेली आणि ११:५६ ला तिने मैत्रिणीला "ठीक आहे आता" असा मेसेज टाकला. म्हणजे सगळं मिळून सोळा मिनिटं. पॅनिक झपाट्याने चढतं, बहुधा दहा मिनिटांच्या आत टोक गाठतं आणि मग उतरू लागतं. हा उतार पानावर आकड्यांत दिसला पाहिजे, कारण अटॅक चालू असताना नेमकं हेच वाटत असतं की आता हे थांबणारच नाही.

मग श्वास. "येत नव्हता" असं वाटतं, पण बहुतेकदा तो गरजेपेक्षा जास्त चाललेला असतो. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्याने डोकं हलकं होतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, छाती आवळल्यासारखी वाटते. मग माणूस आणखी जोरात श्वास ओढतो आणि त्रास वाढतो. (कागदी पिशवीत श्वास घेण्याचा सिनेमातला उपाय करू नका. त्रास हृदयाचा किंवा दम्याचा निघाला तर तो घातक ठरेल.)

यानंतर क्रम लिहायचा: आधी शरीरात काय झालं आणि मग मनात काय आलं. तिच्या बाबतीत आधी धडधड, मग "हा हार्ट अटॅक आहे" हा विचार, त्यानंतर दुप्पट धडधड आणि घाम. डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये पॅनिकचं हेच चक्र मांडलं: शरीरातल्या साध्या बदलाचा भयंकर अर्थ लावला जातो आणि त्या अर्थाने बदल आणखी वाढतो. पहिली धडधड कशाने झाली असेल, तेही टिपायचं. रात्री दोनला झोप, नाश्ता नाही, अकराच्या आत दोन कॉफी.

"सगळे बघत होते" याच्याजागी कोण काय बोललं तेवढंच लिहावं. इथे एकीने "पाणी आणू का?" विचारलं, बास.

आता शेवटच्या चार ओळी. पान बिघडतं ते इथे. "उद्यापासून दाराजवळची खुर्ची. पाण्याची बाटली कायम हातात. कॅमेरा बंद. गुरुवारचा कॉल दुसऱ्या कुणाला देते." प्रत्येक ओळ शहाणपणाची वाटते, पण गुरुवार नीट गेला तर श्रेय बाटलीला जातं आणि बाटली नसलेला दिवस धोक्याचा वाटू लागतो. एकच अटॅक म्हणजे पॅनिक डिसऑर्डर नव्हे. अचानक, पुन्हा पुन्हा अटॅक येणं आणि त्यानंतर महिनाभर किंवा जास्त 'परत येईल' ही धास्ती किंवा अटॅक टाळण्यासाठी बदललेलं वागणं, असं दिसलं तर पॅनिक डिसऑर्डरचा विचार होतो. ते बदललेलं वागणं याच चार ओळींत सुरू होतं.

त्याऐवजी लिहावं: "गुरुवारच्या कॉलला नेहमीच्या खुर्चीत बसेन. धडधड झाली तर घड्याळ बघेन, श्वास सावकाश सोडेन आणि शक्यतो दहा मिनिटं उठणार नाही." उठावं लागलंच तर किती मिनिटांनी उठले, ते त्या दिवशीच्या पानावर टिपायचं.

मात्र हे पॅनिकच होतं, हे डायरी ठरवू शकत नाही. पहिल्या वेळी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन यांतलं काय करायचं ते डॉक्टर सांगतील. जिना चढताना छातीत दुखणं, कळ जबड्यात किंवा हातात जाणं, शुद्ध हरपणं किंवा छातीतलं दुखणं न थांबणं, यांतलं काही असेल तर पान बाजूला ठेवून त्याच रात्री हॉस्पिटल गाठावं. घरातल्या कुणाच्या पाकिटातली अल्प्राझोलाम ही चिंता कमी करणारी गोळी घेऊ नये. तिची सवय लागते. घेतलीच असेल तर ती किती मिलिग्रॅमची आणि किती वाजता घेतली, हे लिहून डॉक्टरांना दाखवावं. रात्री बोलायला कुणी नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येतं.