होतकरू तस्करांसाठी मार्गदर्शन

गुन्हा करायचाच असेल, तर निदान वेळेवर पकडले जायला शिका. कायदा मनातल्या पापाला हात लावत नाही, तयारीकडेही सहसा कानाडोळा करतो. प्रयत्न सुरू झाला की मात्र बेड्या. म्हणून पोलिसांनी यायला हवं ते तुमची तयारी चालू असतानाच. उशीर झाला, तर चूक तुमची.

आदर्श ठेवावा तो १९६१ सालच्या धानवाल्यांचा. पंजाबातून परवान्याविना धान बाहेर न्यायला बंदी होती. यांनी ट्रकमध्ये पोती भरली, दिल्लीची वाट धरली आणि समालखा नाक्यावर अडकले. हद्द अजून चौदाएक मैल पुढे होती. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ही नुसती तयारी. मन बदलून ते माघारी फिरू शकले असते. सुटले. (फिरले असते का, हे विचारणारे आपण कोण!)

आता कसं वागू नये ते पाहा. १९६८ सालच्या सप्टेंबरात एका रात्री अहमदाबाद रस्त्याने एक जीप आणि एक ट्रक वसईजवळच्या कामण खाडीच्या पुलापाशी येऊन थांबले. चोरून देशाबाहेर न्यायच्या चांदीच्या लगडी खाली उतरवायला सुरुवात झाली, तोच कस्टमवाले हजर! खाडीतून यांत्रिक होडीच्या इंजिनाचा आवाज येत होता. सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालय दोघांनीही तयारी म्हणून सोडून दिलं. चांदी अजून होडीत कुठे चढली होती? पण १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने हा प्रयत्नच ठरवला.

न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींनी तर चुकलं कुठे तेही सांगून ठेवलंय. ट्रक शिरसाड नाक्यावरच अडवला असता, तर फार तर तयारी दिसली असती. चांदी कुठेही जात असेल. पण निर्जन खाडीपर्यंत, मध्यरात्री, चोरून? कृतीतूनच हेतू वाचता येऊ लागला. किती मैल उरले, यापेक्षा हे वाचता येणंच त्यांना महत्त्वाचं वाटलं. तेव्हा तुम्ही भर दुपारी जा. वाटेत दोनदा चहा प्या. नाका दिसला की स्वतःहून थांबा आणि इथेच पकडा म्हणून विनवा.

एका धंद्यात मात्र ही सवलत नाही. दरोड्याची तयारीसुद्धा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१० खाली गुन्हाच आहे, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा. एका घराचा उंबरठाही ओलांडायची गरज नाही. दरोड्याच्या बेताने दोर, कोयते आणि मिरचीपूड जमवली, तेवढं पुरे. आता दरोडा म्हणायला माणसं लागतात किमान पाच. तुमच्या टोळीत मेहुणा धरून पाच होत असतील, तर त्याला आजच काहीतरी कारण काढून गावी पाठवा.