यूपीएनपी चालू की बंद? वारजे येथील वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

> तुमचा लेख वाचून मी राउटरमधले यूपीएनपी बंद केले आणि त्याच संध्याकाळी मुलाचा एक्सबॉक्स ‘Strict’, म्हणजे बाहेरच्या खेळाडूंशी नीट जोडणी होत नाही असे, दाखवू लागला. घरातली उपकरणे आमचीच आहेत. त्यांत व्हायरस शिरलाच, तर तो यूपीएनपीवाचूनही बाहेर बोलेल. शिवाय पुण्यात कितीतरी लोकांना खरा पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून थेट पोहोचता येणारा स्वतःचा पत्ता, मिळतच नाही. मग उगाच घाबरवून काय साधले?
> — मकरंद, वारजे

मकरंदराव,

व्हायरसविषयीचे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. आत शिरलेला प्रोग्रॅम आतूनच बाहेर जोडणी करतो आणि घरगुती राउटर अशी जोडणी सहसा अडवत नाही, त्यामुळे केवळ त्याच्या धास्तीने यूपीएनपी, म्हणजे उपकरणांना राउटरवर आपोआप वाट उघडू देणारी सोय, बंद करण्यात फारसा अर्थ नाही. मला काळजी वाटते ती निरोगी उपकरणांची. पावती घेऊन आणलेले, नेमून दिलेले काम इमानेइतबारे करणारे एखादे यंत्र स्वतःच्या सोयीसाठी राउटरवर वाट उघडून घेते आणि घरातल्या कोणालाही त्याची खबर नसते.

हे घडते कसे, ते थोडे सविस्तर सांगतो. उपकरण चालू झाले की ते घरच्या नेटवर्कवर 239.255.255.250 या पत्त्याच्या १९०० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे जोडणीच्या ठरावीक दारावर, ‘येथे राउटर कोण आहे’ अशी हाळी देते. राउटर उत्तर देतो. मग उपकरण त्याला AddPortMapping नावाचा आदेश पाठवते: बाहेरून अमुक पोर्टवर जे येईल ते माझ्याकडे पाठव. घरोघरी आजही मोठ्या प्रमाणावर वापरात असलेल्या जुन्या पद्धतीत या आदेशासाठी पासवर्ड लागत नाही आणि मालकाला विचारलेही जात नाही. नेटवर्कच्या आत असणे हीच ओळख पुरेशी ठरते. आदेशात मुदत शून्य लिहिली, तर ती नोंद बेमुदत समजली जाते. राउटरच्या लेखी मुलाचा कन्सोल आणि भिंतीवरचा कॅमेरा यांच्यात काहीच फरक नसतो.

जानेवारी २०१९ मध्ये जगभरातील टीव्हीला जोडलेल्या हजारो क्रोमकास्टवर अनोळखी माणसांनी स्वतःचा व्हिडिओ लावला, तेव्हा त्या उपकरणांत व्हायरस नव्हता. राउटरवरील यूपीएनपीमुळे ती इंटरनेटवरून दिसत होती, एवढेच. जानेवारी २०२२ मध्ये क्यूनॅप या नॅस, म्हणजे नेटवर्कवरून वापरायची साठवणीची पेटी, बनवणाऱ्या कंपनीने रॅन्समवेअरच्या पार्श्वभूमीवर आपल्या ग्राहकांना राउटरवरील पोर्ट फॉरवर्डिंग आणि नॅसवरील यूपीएनपी बंद करण्यास सांगितले, तेव्हाही प्रश्न उघड्या वाटेचाच होता.

आता सिंहगड रस्त्यावरील माझ्या एका परिचितांच्या घरचे उदाहरण घेऊ, कारण ते तुमच्या घराशी बरेच जुळते. दोन खोल्यांचा फ्लॅट, मुलाचा एक कन्सोल, आणि तापकीर गल्लीतून आणलेला चार कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर, जो बसवणाऱ्याने मोबाइलवर चित्र दिसू लागताच ‘झाले काम’ म्हणून सोडून दिलेला. राउटरचे पान उघडले तर यूपीएनपीसमोर फक्त बरोबरची खूण होती, नोंदींची यादी दाखवण्याची सोयच नव्हती. बऱ्याच राउटरांत असेच असते. म्हणून लॅपटॉपवर मिनीयूपीएनपीसी हे लहानसे मोफत साधन टाकून upnpc -l हा आदेश दिला. त्याने दिलेली यादी अशी होती:

```
 i protocol exPort->inAddr:inPort description remoteHost leaseTime
 0 TCP    80->192.168.1.64:80    'HTTP' '' 0
 1 TCP   554->192.168.1.64:554   'RTSP' '' 0
 2 TCP  8000->192.168.1.64:8000  'SERVER' '' 0
 3 UDP  3074->192.168.1.20:3074  'Xbox' '' 0
```

शेवटची ओळ कन्सोलची. ज्या एका गोष्टीसाठी यूपीएनपी चालू ठेवले होते, ती हीच. वरच्या तिन्ही ओळी डीव्हीआरच्या: पहिल्या ओळीत त्याचे लॉगिनचे पान, दुसरीत कॅमेऱ्यांचे थेट चित्र, तिसरीत त्याच्या स्वतःच्या ॲपसाठीचा पोर्ट. प्रत्येक ओळीच्या शेवटचे शून्य म्हणजे मुदत नाही. खात्री करण्यासाठी मोबाइलचे वायफाय बंद केले, मोबाइल डेटावरून ब्राउझरमध्ये घराचा पब्लिक आयपी टाकला, आणि डीव्हीआरचे लॉगिन पान समोर आले. पासवर्ड बसवणाऱ्याने ठेवलेलाच होता.

मला सर्वांत खटकली ती पुढची गोष्ट. या घरातील माणसे मोबाइलवर कॅमेरे पाहत होती ती कंपनीच्या क्लाउड सेवेमार्फत, ज्यात डीव्हीआर स्वतःहून बाहेर जोडणी करतो आणि आत येण्यासाठी कोणताही पोर्ट उघडा लागत नाही. म्हणजे या तीन वाटांचा घरातल्या कोणालाच उपयोग नव्हता. डीव्हीआरच्या नेटवर्क मेनूमध्ये यूपीएनपी आधीपासून चालू होते आणि कोणी ते पाहिले नव्हते.

दुरुस्तीचा क्रम येथे महत्त्वाचा आहे. नुसत्या राउटरवरून नोंदी पुसल्या, तर डीव्हीआर थोड्या वेळाने किंवा वीज जाऊन आल्यावर त्या पुन्हा मागून घेतो. म्हणून आधी डीव्हीआरमध्ये यूपीएनपी बंद केले, त्याचा पासवर्ड बदलला, मग राउटर बंद करून चालू केला आणि पुन्हा यादी काढली. तीन ओळी गेल्या होत्या, कन्सोलची ओळ परत आली होती, आणि ॲपवर कॅमेरे पूर्वीसारखेच दिसत होते.

पब्लिक आयपीविषयी बोलायचे, तर तुमच्याच प्रतिक्रियेत त्याचा बराचसा उलगडा आहे. यूपीएनपी बंद करताच एक्सबॉक्स ‘Strict’ झाला, याचा अर्थ त्याआधी यूपीएनपीने उघडलेली वाट खरोखर बाहेरपर्यंत पोहोचत होती. म्हणजे तुमच्या राउटरला बहुधा खरा पब्लिक आयपी मिळालेला आहे, आणि कन्सोलची वाट पोहोचत असेल, तर तुमच्या घरातील इतर कोणत्याही उपकरणाची तितकीच पोहोचते. पडताळून पाहायचे असेल, तर राउटरच्या स्टेटस पानावरील WAN IP आणि एखाद्या ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या संकेतस्थळावरील पत्ता शेजारी ठेवून पाहावेत. दोन्ही सारखे असतील, तर पत्ता खरा आहे. WAN IP मध्ये 100.64 ते 100.127 यांपैकी आरंभ दिसला, तर तुमचा पुरवठादार अनेक ग्राहकांना एकाच पब्लिक पत्त्यामागे बसवतो आहे. 192.168 किंवा 10 ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर बऱ्याचदा फायबर कंपनीने घरात बसवलेला ओएनटी हा डबा स्वतः राउटरचे काम करत असतो आणि तुमचा राउटर त्याच्या मागे असतो.

ज्यांना असा सामायिक पत्ता मिळतो, त्यांच्याकडे यूपीएनपीचा धोका कमी असतो हे खरे, पण फायदाही तितकाच कमी असतो, कारण राउटरने उघडलेली वाट पुरवठादाराच्या यंत्रापाशीच संपते. अशा घरी ते चालू ठेवून कन्सोलला फारसे काही मिळत नाही. उलट तेथे एक छुपी अडचण आहे. ऑफिसच्या कामासाठी म्हणून महिन्याला काही रुपये जास्त मोजून लोक स्टॅटिक आयपी घेतात, आणि त्या दिवशी, घरातली एकही सेटिंग न बदलता, इतके दिवस निरुपयोगी असलेल्या सगळ्या नोंदी एकदम जिवंत होतात. सिंहगड रस्त्यावरील घरातही नेमके हेच झाले होते. सामायिक पत्ता म्हणजे संरक्षण असे धरून चालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता मुलाच्या कन्सोलचे. घरात एकच कन्सोल असेल आणि पत्ता खरा असेल, तर यूपीएनपी बंद ठेवूनही काम भागते. राउटरच्या पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी विभागात कन्सोलला कायमचा पत्ता राखून द्यावा, पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये यूडीपी ३०७४ हा पोर्ट त्या पत्त्याकडे वळवावा, कन्सोल पूर्ण बंद करून चालू करावा आणि नेटवर्क सेटिंगमध्ये NAT ची चाचणी पुन्हा घ्यावी. पत्ता राखून ठेवण्याची पायरी लोक गाळतात. मग काही दिवसांनी कन्सोलला दुसरा पत्ता मिळतो, नोंद जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहते, आणि तो पत्ता तोवर एखाद्या लॅपटॉपला गेलेला असू शकतो.

दोन कन्सोल असतील, तर मात्र हाताने केलेली नोंद अपुरी पडते, कारण बाहेरचा ३०७४ एका वेळी एकाच यंत्राकडे वळवता येतो. दुसऱ्या एक्सबॉक्सवर प्रगत नेटवर्क सेटिंगमधून पर्यायी पोर्ट निवडून त्याचीही वेगळी नोंद करता येते, पण मुले कन्सोल बदलत असतील, नवे खेळ येत असतील, तर हे दर वेळी करत बसणे कोणालाही जिकिरीचे होईल. अशा घरात यूपीएनपी चालू ठेवणे मला योग्य वाटते, फक्त कोणाला मागू द्यायचे ते राउटरने ठरवावे. ओपनडब्ल्यूआरटी ही प्रणाली असलेल्या राउटरवर /etc/config/upnpd या फाइलमध्ये एवढे पुरते:

```
config perm_rule
	option action 'allow'
	option ext_ports '1024-65535'
	option int_addr '192.168.1.20/32'
	option int_ports '1024-65535'

config perm_rule
	option action 'deny'
	option ext_ports '0-65535'
	option int_addr '0.0.0.0/0'
	option int_ports '0-65535'
```

पहिला नियम कन्सोलच्या राखीव पत्त्याला परवानगी देतो, दुसरा बाकी सर्वांना नकार देतो. दुसऱ्या कन्सोलसाठी त्याच्या पत्त्याचा तसाच आणखी एक परवानगीचा नियम मधे घालावा. फाइलमध्ये याआधीचे परवानगीचे नियम असतील, तर ते काढून टाकावेत, कारण नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळणारा लागू होतो. मुद्दाम दुसऱ्याचा पत्ता धारण करणाऱ्या यंत्राला हे नियम रोखू शकत नाहीत, पण डीव्हीआर तसे करत नाही, तो फक्त मागतो आणि नकार मिळाला की गप्प बसतो.

पुरवठादाराने दिलेल्या बहुतेक ओएनटींमध्ये अशी निवड नसते, चालू किंवा बंद एवढेच असते. तेथे डीव्हीआर, नॅस किंवा प्रिंटर यांपैकी काहीही घरात असेल, तर मी बंदच ठेवेन आणि कन्सोलसाठी हाताने नोंद करेन. राउटर फार जुना असेल आणि त्याला बरीच वर्षे फर्मवेअर मिळाले नसेल, तरीही बंदच, कारण २०१३ च्या सुरुवातीला रॅपिड७ या सुरक्षा कंपनीने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आठ कोटींहून अधिक पत्ते यूपीएनपीच्या हाळीला थेट इंटरनेटवरून उत्तर देताना आढळले होते, आणि अशांपैकी काही राउटरांना आदेश देण्यासाठी घरात असण्याचीही गरज उरत नाही.

तुमच्या घरी एकच कन्सोल आहे असे मी धरून चाललो आहे. तसे असेल, तर आज ३०७४ ची नोंद करा, यूपीएनपी बंदच राहू द्या, आणि चाचणीनंतरही ‘Strict’ गेले नाही, तर WAN IP चे पहिले दोन आकडे आणि ओएनटी व राउटर वेगवेगळे आहेत का, एवढे कळवा. पूर्ण पत्ता मात्र येथे जाहीर लिहू नका.