साखरपुड्याच्या ब्लाऊजबद्दलची आपली तक्रार आणि लग्नाच्या कपड्यांची पुढची पद्धत

«साडीचा रंग फोटोत निळा दाखवला, हातात आल्यावर हिरवी. त्यावर निळा ब्लाऊज. बाह्यांवर मोर सांगितला होता, आल्या नुसत्या वेली. फोटोही ऐनवेळी पाठवले, घरात बोलायला वेळच दिला नाही. सगळ्या पाहुण्यांसमोर मुलीला ओशाळल्यासारखे झाले. लग्न अजून यांच्याकडेच आहे म्हणून दोन तारे.»

आदरणीय ताई,

ब्लाऊज आणि साडी एकमेकांना जुळले नाहीत, ही चूक माझी आहे आणि त्याबद्दल मी आपली व आपल्या मुलीची मनापासून क्षमा मागते. साखरपुड्याच्या दिवशी तिचा चेहरा मीही पाहिला होता.

रंगाचे काय झाले ते आधी सांगते, कारण तोच दोष माझ्याकडे येतो. साडी वरपक्षाने घेतलेली होती आणि परस्पर माझ्याकडे आली, त्यामुळे आपल्या घरात ती प्रथम फोटोतच दिसली. ती मोरपिशी धूपछाँव रेशमाची होती, म्हणजे तिचे उभे धागे निळे आणि आडवे धागे हिरवे होते. असे कापड समोरून सपाट धरले तर एक रंग दाखवते आणि निऱ्या पडल्या, पदर वळला की दुसरा. मी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली, घडी न उलगडता, एकाच बाजूने एक फोटो काढला आणि त्यात नेमका निळा आला. साडीसोबतचा ब्लाऊजपीस तलम असल्यामुळे आरीच्या भरतकामाखाली तो चुण्या धरतो, म्हणून वेगळे रॉ सिल्क घ्यायचे ठरले होते. ते कापडही मी त्याच ट्यूबलाइटखाली साडीला लावून पाहिले आणि तिथे ते बेमालूम जुळले. दोन कापडे वेगवेगळ्या रंगद्रव्यांत रंगवलेली असतील तर एका उजेडात एकसारखी दिसून दुसऱ्या उजेडात फुटून वेगळी दिसतात, हे मला माहीत आहे. तरीही बाहेर उन्हात नेऊन पाहण्याचा आळस केला. इथे माझ्याकडे सांगण्यासारखे काही नाही.

मात्र «ऐनवेळी» हा शब्द वाचून वाईट वाटले आणि त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. साखरपुडा रविवारी होता. कापडाचा फोटो आणि नक्षीचा कागद मी त्याच्या बारा दिवस आधी, मंगळवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, आपल्या घरच्या गटावर टाकला. गटात चौदा जण आहेत. एका मावशींना तो रंग जांभळा वाटला, एका आत्यांनी निळाच छान म्हणून सांगितले, तिघांनी नुसता अंगठा दाखवला आणि कोणीतरी त्याच धाग्यात हॉलच्या जेवणाचा विषय काढला. आपला स्वतःचा निरोप शुक्रवारी रात्री सव्वादहाला आला आणि त्यात «छान आहे, करा» एवढेच होते. साडेतीन दिवस त्यात गेले. दोन्ही बाह्या आणि पाठीचा गळा मिळून आरीचे काम पाच दिवसांचे असते, शिलाईला दोन दिवस लागतात. शनिवारी चौकटीवर कापड चढले आणि बुधवारी काम उतरले. मोराचा निरोप मला गुरुवारी दुपारी मिळाला, तेव्हा बाह्या बेतून झाल्या होत्या. त्या आधी कोणत्याही निरोपात मोर नव्हता. होता असे आपल्याला वाटत असेल तर तो बोलण्यात आला असेल आणि बोलण्यातले लिहून घेण्याची माझी पद्धत नव्हती, हेही खरे. वीस वर्षे याच सांगलीत मी हा व्यवसाय करते आणि माझी बहुतेक कामे एका घराने दुसऱ्या घराला सांगितल्यामुळे येतात, म्हणून «वेळच दिला नाही» हे वाक्य तसेच राहू देणे मला परवडणारे नाही. आपल्याला कमी लेखण्याचा हेतू नाही.

आरीच्या कामात बदल का होत नाही, हे मी आधीच समजावून सांगायला हवे होते. पुष्कळांना वाटते की ब्लाऊज शिवून होतो आणि मग त्यावर नक्षी काढतात. प्रत्यक्षात उलटे असते. न कापलेले कापड लाकडी चौकटीवर ताणून बसवतात, त्यावर गळ्याची आणि बाह्यांची रेघ आखतात, कागदावरच्या खाक्याला सुईने बारीक भोके पाडून पावडर फिरवतात आणि त्या ठिपक्यांवरून कारागीर हुकाने साखळी टाके, मणी, जरीचा धागा भरत जातो. सगळे भरून झाले की मगच कात्री लागते. म्हणून गळ्याची खोली आणि बाहीची लांबी खाक्याच्या वेळीच ठरते. अंगाला सैल किंवा घट्ट झाले तर शिलाईत सोडलेल्या मायेतून दीड इंचापर्यंत दुरुस्ती होते, पण खोल भरलेला गळा वर घेता येत नाही आणि वेल उसवून मोर करायला गेल्यास रेशमावर टाक्यांची भोके दिसत राहतात.

आता मार्गशीर्षातल्या लग्नाच्या कपड्यांबद्दल. अष्टपुत्रीवर काही काम नाही, ती मामांकडून येईल तशी फॉल-पिको करून देईन. प्रश्न शालू आणि रिसेप्शनच्या घागऱ्याचा आहे. त्यासाठी पुढीलप्रमाणे वागायचे मी ठरवले आहे आणि आपलीही संमती हवी आहे.

रंगाची मंजुरी यापुढे फोटोवर घेणार नाही. शालूच्या कडेचा काढता येण्याजोगा धागा आणि ब्लाऊजच्या प्रत्येक पर्यायी कापडाचा चार इंचांचा तुकडा एका पांढऱ्या कार्डावर टाचून आपल्या घरी येईल आणि प्रत्येक तुकड्याखाली क्रमांक असेल. कार्ड सकाळी गॅलरीत, थेट उन्हात नव्हे तर सावलीत धरून पाहावे आणि नंतर संध्याकाळी दिव्याखाली पुन्हा पाहावे, कारण लग्न दिवसा आहे आणि रिसेप्शन रात्री. दोन्ही ठिकाणी जो क्रमांक पटेल तो कळवावा.

फोटोही पाठवीनच, कारण पुण्यातल्या मावशींना कार्ड हातात मिळणार नाही. ते सकाळी दहा ते बाराच्या उजेडात, शेजारी कोरा पांढरा कागद ठेवून काढलेले असतील. कागद पिवळट किंवा निळसर दिसला तर कापडाचा रंगही तेवढाच चुकीचा दिसतो आहे असे समजावे. गडद राणी किंवा लाल कापडाने चौकट भरली की फोनचा कॅमेरा आपल्या मनाने रंग सावरतो, तेव्हा हा कागदच साक्षीदार. साडीची घडी उलगडून एक फोटो सपाट, एक निऱ्या धरून आणि दहा सेकंदांचा फिरवत काढलेला व्हिडिओ असेल. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो वाटेत दाबला जातो आणि जरीची बारीक कलाकुसर पुसट होते, म्हणून मी तो डॉक्युमेंट म्हणून पाठवीन. पाहताना कृपया फोनचा डोळ्यांना आराम देणारा पिवळा उजेड बंद करावा. वेळ लावून ठेवली असेल तर रात्री तो आपोआप चालू होतो. आपला मंजुरीचा निरोप सव्वादहाचा होता एवढेच नोंदवते.

नक्षीचा खाका मूळ मापात, शेजारी फूटपट्टी ठेवून येईल आणि त्यावर गळ्याची खोली व बाहीची लांबी इंचांत लिहिलेली असेल. कोपरापर्यंतची बाही म्हणजे कोणाच्या मते दहा इंच आणि कोणाच्या मते बारा, म्हणून मापच लिहावे. त्यानंतर एक थांबा मुद्दाम ठेवला आहे: चौकटीवर एका बाहीची पहिली वेल भरून झाली की काम थांबेल आणि तिचा फोटो आपल्याला येईल. मणी मोठे वाटले, जरीचा पिवळेपणा खटकला, मोर हवा झाला, जे काही असेल ते इथे सांगावे. ही शेवटची जागा आहे. पुढे फक्त कच्च्या शिलाईवरची ट्रायल, जिथे घट्ट-सैल पाहिले जाईल.

आता मंजुरी कोणाची. माझी विनंती आहे की ती नवरीने स्वतः द्यावी आणि तिच्या फोनवरून यावी. घालणार ती आहे. घरात चर्चा चौदा जणांनी करावी, मला त्यात आनंदच आहे, पण माझ्यापर्यंत «कापड क्रमांक 3 मंजूर, खाका क्रमांक 1 मंजूर» असे लिहिलेले एकच उत्तर यावे. अंगठा, फूल किंवा हात जोडल्याचे चित्र मी मंजुरी धरणार नाही. प्रत्येक थांब्यावर दोन दिवस धरले आहेत. उत्तर आले नाही तर मी आपल्या वतीने होकार समजून पुढे जाणार नाही, काम थांबलेले राहील. मात्र तेवढे दिवस मागून कापले जातील हे दोघांनाही माहीत असावे. लग्नसराईत मिरजेचे कारागीर एका चौकटीवर दुसऱ्याचे कापड चढवायला वेळ लावत नाहीत.

नवरदेवाच्या फेट्याचे कापड शालूला जुळवायचे आहे, ते आपल्या कार्डाचा क्रमांक ठरल्यावर त्याच कार्डावरून घेतले जाईल. वरपक्षाला तुकडा मीच पोहोचवीन, फोटो नाही.

साखरपुड्याच्या ब्लाऊजच्या शिलाईचे आणि कामाचे पैसे मी हिशोबातून वजा केले आहेत. साडीवर शोभेल असा मोरपिशी हिरवा ब्लाऊज करून देण्याची तयारी आहे, मुलीला हवा असेल तर. फोटो आणि निरोप सांभाळायला एक मुलगी ठेवण्याचाही विचार आहे, जमेल तसे करीन. दोन ताऱ्यांचा निर्णय आपला आहे, त्याबद्दल काही म्हणत नाही.

शालूच्या तुकड्यांचे कार्ड बुधवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास आमचा मुलगा घेऊन येईल. घरी कोणी नसेल तर शेजारी न देता परत आणायला त्याला सांगितले आहे, म्हणून दुसरी वेळ सोयीची असल्यास मंगळवारपर्यंत कळवावे.

आपली नम्र,
संचालिका, विश्रामबाग, सांगली